तक्ता नसलेली लीग

इंग्लंडमध्ये आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या फुटबॉल लीगमध्ये सध्या पहिल्या क्रमांकावर कोण आहे, असं विचारलंत तर तुम्हाला उत्तर मिळणार नाही. सामने दर रविवारी होतात, शिट्टी वाजवायला माणूस असतो, गोल मोजले जातात, हरलेली मुलं रडतातही. पण गुणतक्ता कुठेही छापलेला नसतो. तो छापायला मनाईच आहे. मैदानही आपल्या डोळ्यांसमोर असतं तसं नसतं. मोठ्यांच्या मैदानाचं क्षेत्रफळ त्याच्या तिपटीहूनही जास्त भरतं, आणि एका बाजूला अकराऐवजी सात मुलं खेळतात.

हे मला कळलं ते बहिणीमुळे. लग्न होऊन ती आमच्या कोकणातून थेट इंग्लंडला गेली, त्याला आता पंधरा वर्षं झाली. गेल्या मोसमात काही महिने मी तिच्याकडे राहिलो आणि दर रविवारी सकाळी भाच्याबरोबर मैदानावर गेलो. भाचा 'अंडर नाईन'मध्ये खेळतो. मेहुणे त्याच संघाचे कोच आहेत. कोच म्हणजे पगारी नव्हे. आठवडाभर नोकरी करायची आणि रविवारी पहाटे गोलपोस्ट गाडीत टाकून निघायचं, असे कोच. तिथल्या मुलांच्या फुटबॉलचा बहुतेक डोलारा अशाच आईबापांवर उभा आहे.

पहिल्या रविवारी मी मेहुण्यांना विचारलं, "भाई, मुलं जिंकतात-हरतात आणि नोंद कुठेच नाही, मग खेळण्यात अर्थ काय?" ते हसले आणि म्हणाले, "आधी मी दहा वर्षांचा असताना काय व्हायचं ते ऐका. मग विचारा."

मेहुणे तिथेच जन्मलेले. १९९२ च्या सुमाराला ते दहा वर्षांचे होते. तेव्हा मुलांसाठी वेगळा खेळ असा नव्हताच. मोठी माणसं शनिवारी ज्या मैदानावर खेळत, त्याच मैदानावर रविवारी ही मुलं. सुमारे ११० यार्ड लांब, ७० यार्ड रुंद. एका बाजूला अकरा जण, आणि गोल २४ फूट रुंद, ८ फूट उंच. मेहुणे अंगाने किरकोळ, म्हणून त्यांना उजव्या कडेला उभं केलं जायचं. चेंडू दुसऱ्या टोकाला असायचा, आणि हे थंडीत हात काखेत घालून उभे. "सामन्यात चारदा चेंडू मिळाला तर तो चांगला दिवस," ते म्हणाले. तेराव्या वर्षी त्यांनी खेळ सोडला. घरच्यांनी आणि त्यांनी स्वतःही धरून चाललं, की याला काही फुटबॉल येत नाही. हा समज त्यांनी पुढची पंचवीस वर्षं बाळगला. स्वतःच्या मुलासाठी कोचिंगचा कोर्स केला, तेव्हा कुठे त्यांना शंका आली की यायला वेळच कुठे मिळाला होता!

ही शंका साध्या हिशेबाने तपासता येते. ११० गुणिले ७० म्हणजे ७७०० चौरस यार्ड. त्यावर बावीस खेळाडू, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३५० चौरस यार्ड. भाच्याच्या वयाला आता ६० बाय ४० यार्डांचं मैदान असतं आणि मुलं चौदा. माणशी १७१ चौरस यार्ड, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आता चेंडूचा हिशेब करू. या वयाचा सामना पन्नास मिनिटांचा. त्यातली समजा पस्तीस मिनिटं चेंडू खरोखर खेळात असतो. चेंडू एकच. बावीस जणांत वाटला तर प्रत्येकाला दीड मिनिटाच्या आसपास, चौदा जणांत अडीच मिनिटं, आणि सहा-सात वर्षांची मुलं पाचास पाच खेळतात तिथे साडेतीन मिनिटं.

पण चेंडूची अशी सारखी वाटणी कधी होत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. मोठ्या मैदानावर चेंडू मिळतो तो जो लांब धावू शकतो आणि लांब मारू शकतो त्याला. तिथला मोसम सप्टेंबरात सुरू होतो आणि वयाची गणनाही १ सप्टेंबरपासून होते. त्यामुळे एकाच संघात सप्टेंबरात जन्मलेला आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला अशी दोन मुलं असतात. कागदावर वय एक, पण फरक जवळजवळ वर्षाचा. या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. माझा भाचा ऑगस्टचा. संघातल्या सप्टेंबरच्या मुलाच्या खांद्याला लागतो. मोठ्या मैदानावर या दोघांत कोण उजवा ते पायांच्या लांबीवर ठरतं, आणि कोच त्याला कौशल्य समजून बसतो. लहान मैदानावर पळायला जागाच कमी, त्यामुळे लांब पायांचा फायदा संपत नसला तरी आवाक्यात येतो.

गोलाचंही तेच. २४ फूट बाय ८ फूट म्हणजे १९२ चौरस फुटांचं तोंड. दहा वर्षांचं मूल साडेचार फुटांच्या आसपास असतं. हात वर करून उडी मारली तरी आठ फुटांवरचा आडवा दांडा त्याच्या हाताला लागत नाही. मेहुण्यांच्या वेळी निम्मे गोल गोलकीपरच्या डोक्यावरून जायचे. त्यात मारणाऱ्याचं कसब नसायचं आणि अडवणाऱ्याची चूकही नसायची. उंच मारलं की गोल, एवढंच. आता भाच्याच्या वयाला गोल १२ फूट रुंद आणि ६ फूट उंच असतो, ७२ चौरस फुटांचा. तिथे गोलकीपरला अडवता येतं, म्हणून समोरच्याला कोपरा शोधावा लागतो. दोघंही शिकतात.

हा बदल एका दिवसात झाला नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे 'मिनी सॉकर' आलं आणि दहा वर्षांखालच्या मुलांसाठी मैदान लहान झालं. पण अकरा वर्षांखालच्या गटात पाऊल टाकलं की मूल पुन्हा थेट मोठ्यांच्या मैदानावर, अकराच्या संघात. काल सातात खेळणारं मूल आज अकरात. मग २०१० च्या विश्वचषकात इंग्लंड जर्मनीकडून ४-१ असं हरलं आणि देशभर चर्चा सुरू झाली, की आपल्या खेळाडूंच्या पायात चेंडू का टिकत नाही. तिथली फुटबॉल संघटना, म्हणजे एफए, मुलांच्या फुटबॉलचा फेरआढावा घेत होती. निक लेव्हेट नावाचा तिचा अधिकारी गावोगावच्या लीगवाल्यांना भेटून प्रस्ताव समजावत फिरला. पुढे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झालेला गॅरेथ साउथगेट तेव्हा एफएमध्येच होता, तोही बदलाच्या बाजूने बोलत होता. मे २०१२ मध्ये एफएच्या सर्वसाधारण सभेत मतदान झालं आणि प्रस्ताव मंजूर झाला.

तेव्हापासूनची पायरी अशी. सात आणि आठ वर्षांखालचे पाचास पाच, ४० बाय ३० यार्डांवर. नऊ आणि दहा वर्षांखालचे सातास सात. अकरा आणि बारा वर्षांखालचे नवास नऊ, ८० बाय ५० यार्डांवर. तेरा वर्षांखालच्या गटापासून अकरास अकरा. नवाची पायरी नवी होती, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच. सातावरून अकरावर उडी मारताना जी मुलं खाली पडत, त्यांना मध्ये एक फळी मिळाली. आणि शेवटची अट अशी, की अकरा वर्षांखालच्या गटापर्यंत गुणतक्ता आणि निकाल प्रसिद्ध करायचे नाहीत.

इथे वाचणाऱ्याला वाटेल, मैदानाचं समजलं, पण तक्त्याचा त्याच्याशी काय संबंध? मलाही तसंच वाटत होतं. संबंध कळला तो एका गोलकिकमुळे.

भाच्याचा सामना होता. समोरच्या संघाने चेंडू बाहेर मारला, आपल्या संघाला गोलकिक मिळाली. मेहुण्यांच्या लहानपणी इथे काय व्हायचं ते आधी पाहू. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची लाथ वीस-पंचवीस यार्ड जाते. मोठ्या मैदानावर गोलाजवळचा मोठा चौकोनच अठरा यार्डांचा. म्हणजे चेंडू त्या चौकोनाच्या जरा पुढे पडणार, आणि तिथे समोरची मुलं वाट बघत उभीच. त्यांनी चेंडू घेतला, उंच मारला, गोलकीपरच्या डोक्यावरून गोल. अशा चार गोलांनंतर कोणताही कोच एकच उपाय करतो. गोलकीपरला बाजूला सारून संघातल्या सगळ्यात दांडग्या मुलाकडून गोलकिक मारून घेतो आणि ओरडतो, "लांब मार!" बाकीच्या मुलांचा धडा त्यातून पक्का होतो. चेंडू आला की डोळे मिटून लांब मारायचा. तो जवळ ठेवणं म्हणजे धोका.

आता भाच्याच्या सामन्यात नियम वेगळा आहे. गोलकिकच्या वेळी समोरच्या सगळ्यांनी मैदानाच्या अर्ध्यामागे जायचं. मैदान साठ यार्डांचं, म्हणजे तीस यार्डांचा मोकळा पट्टा. गोलकीपरने चेंडू हलकेच भाच्याकडे सरकवला. समोरची मुलं पळत येईपर्यंत त्याच्याकडे दोन-तीन सेकंद होते. तेवढ्यात त्याला मान वर करून बघायचं होतं. डावीकडे कोण, मधे कोण, की स्वतःच चेंडू घेऊन निघू? त्याने मधे पास दिला. पास कमी जोराचा पडला, समोरच्या मुलाने हिसकावला, गोल. दहा मिनिटांनी पुन्हा गोलकिक, पुन्हा चेंडू भाच्याकडे, पुन्हा तीच चूक, पुन्हा गोल. माझ्या शेजारच्या एका बापाने कपाळावर हात मारला.

आणि मेहुणे? त्यांनी गोलकीपरला खूण केली : पुढच्या वेळी पुन्हा त्याच्याकडेच.

सामना १-५ असा हरलो. गाडीत मी विचारलं, "दोन गोल एकाच चुकीने झाले. तिसऱ्यांदा लांब मारायला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर दोन गोल वाचले असते. पण त्याने पुन्हा मान वर केली नसती." मग थोडं थांबून म्हणाले, "खरं सांगू का? तक्ता असता तर मीही लांबच मारायला लावलं असतं."

या एका वाक्यात सगळी उकल होती. चेंडू पायात ठेवून खेळायला शिकायचं तर मूल शंभरदा चुकणार. छोट्या मैदानामुळे ते चुकण्याची संधी पुष्कळदा येते. कमी खेळाडूंमुळे ती प्रत्येकाच्या वाट्याला येते. पण त्या चुकीची किंमत मोसमभर जमा होत गेली तर कोच पहिल्या महिन्यातच ती संधी बंद करतो. मोठ्या मैदानाने जे केलं असतं तेच मग लहान मैदानावर तक्ता करतो. हे तीन वेगळे नियम नाहीत, एकच नियम आहे : चूक वारंवार होऊ द्या आणि तिची किंमत कमी ठेवा.

तक्ता काय करतो ते मेहुण्यांनी उदाहरणाने सांगितलं. धरून चाला की आपला संघ ऑक्टोबरात मागून पास देत खेळायला लागला आणि लागोपाठ तीन सामने हरला. तक्ता नसेल तर चौथ्या रविवारी मुलं सामना शून्यापासून सुरू करतात. तक्ता असेल तर संघ आता दहापैकी नववा आहे, आणि ते शाळेत, ऑफिसात, शेजारी सगळ्यांना ठाऊक आहे. दोन पालक मुलांना पहिल्या क्रमांकाच्या क्लबकडे न्यायच्या गोष्टी करू लागतात. कोचवर दडपण येतं. तो ऑगस्टच्या किरकोळ मुलाला बाकावर बसवतो, सप्टेंबरच्या दांडग्याला पूर्ण वेळ खेळवतो, आणि गोलकीपरची पाळी फिरवणं बंद करतो. नाताळपर्यंत संघ पाचवा येतो. तक्त्यावर प्रगती दिसते, पण चार-पाच मुलांनी त्या काळात चेंडूला पायसुद्धा लावलेला नसतो. आणि ती पुढच्या वर्षी येत नाहीत.

ही पुढच्या वर्षी न येणारी मुलंच खरा तोटा. आठव्या वर्षी कोण चांगला हे अठराव्या वर्षाबद्दल फार थोडं सांगतं, कारण मधे शरीर बदलतं. ऑगस्टचा मुलगा सोळाव्या वर्षी सप्टेंबरच्याला उंचीत गाठतो. पण तोवर तो खेळत असेल तरच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गोल मोजत नाहीत, सगळ्यांनाच विजयी म्हणतात, असं काही नाही. भाच्याला प्रत्येक सामन्याचा स्कोअर तोंडपाठ असतो. हरलो की तो गाडीत बोलत नाही. बऱ्याच लीगमध्ये निकाल सचिवाकडे कळवलेही जातात, म्हणजे पुढच्या टप्प्यात बरोबरीच्या संघांना एकमेकांसमोर आणता येतं. ते प्रसिद्ध मात्र करायचे नाहीत. मोसमात मधूनमधून काही आठवड्यांच्या छोट्या स्पर्धा घ्यायला मुभा आहे. त्यांत चषक असतो, जल्लोष असतो, आणि स्पर्धा संपली की हिशेब बंद. मनाई आहे ती सप्टेंबरपासून मेपर्यंत चालणाऱ्या जमाखर्चाला. मुलाचं हरणं घरी पोहोचेपर्यंत, फार तर आईने पुढ्यात गरम काहीतरी ठेवेपर्यंत टिकतं. तक्ता ते पुढच्या रविवारपर्यंत जपून ठेवतो, आणि जपतात ते मोठेच.

मोठ्यांची खोड सहजी जात नाही, हेही पाहिलं. एक बाप मोबाइलमध्ये स्वतःचा तक्ता ठेवायचा, आपले निकाल आणि इकडून तिकडून विचारून कळलेले दुसऱ्यांचे. एकदा त्याने तो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मेहुण्यांनी त्याला तो काढायला लावला. पण त्या आठवड्यापुरता कडेवरचा आवाज बदललाच. "छान प्रयत्न"च्या जागी "अरे, दे त्याला!" सुरू झालं. तक्ता मुलांनी पाहिलाही नव्हता.

आता या पद्धतीच्या मर्यादा. पहिली म्हणजे, लहान मैदान वाईट कोचला चांगला करत नाही. पाचाच्या खेळात एखादा दांडगा मुलगा कुठूनही गोलावर मारू शकतो, आणि हुशार कोच चार जणांना त्याच्याकडे चेंडू द्यायला लावतो. एकतर्फी सामन्यावर बऱ्याच लीगमध्ये एक तोड आहे : चार गोलांनी मागे पडलेल्या संघाने एक खेळाडू जास्त उतरवायचा, आणि फरक कमी झाला की काढून घ्यायचा. आमच्या एका सामन्यात तसं झालं आणि उरलेली पंधरा मिनिटं खेळ खरंच रंगला. पण हा उपाय त्या दिवसापुरता. गट नीट पाडले नसतील तर दर रविवारी तेच होतं.

दुसरी मर्यादा खर्चाची. प्रत्येक पायरीला वेगळ्या मापाचे गोल लागतात, वेगळ्या रेषा आखाव्या लागतात. नवाच्या खेळाचा गोल १६ बाय ७ फुटांचा, तो ना लहानांना चालत ना मोठ्यांना. छोट्या क्लबांना हे जड जातं. मेहुणे रविवारी पहाटे जे गोलपोस्ट वाहून नेतात ते याच कारणाने.

तिसरी मर्यादा पुराव्याची. लहान संघात मुलं जास्त खेळतात, याचा चांगला पुरावा आहे. मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचे रिक फेनोग्लिओ यांनी मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत नऊ वर्षांखालच्या मुलांच्या चारास चार आणि आठास आठ अशा सामन्यांची तुलना केली होती. चाराच्या खेळात पास सुमारे १३५ टक्क्यांनी जास्त झाले, आणि एकास एक असे आमनेसामने २२५ टक्क्यांनी. पण त्यामुळे देशाचा संघ जिंकतो, असं म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोलकात्यात सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इंग्लंड स्पेनविरुद्ध ०-२ असं मागे होतं आणि ५-२ असं जिंकलं. ती मुलं चेंडू पायात ठेवून खेळत होती, हे आपल्या देशातल्या हजारो लोकांनी मैदानात बसून पाहिलं. मोह होतो म्हणायचा, की हे २०१२ च्या नियमाचं फळ. पण मतदान झालं तेव्हा ती मुलं बारा वर्षांची होती आणि त्यातली बहुतेक मोठ्या क्लबांच्या अकादमीत होती. गावच्या लीगचा नियम त्यांना फारसा लागूच नव्हता. नियमाचं खरं फळ ज्यांच्यात शोधायचं ती मुलं टीव्हीवर दिसत नाहीत. ती तेराव्या वर्षी खेळ न सोडणारी मुलं.

आणि मग सगळ्यात जुना आक्षेप : हरायला शिकलं नाही तर आयुष्यात काय करणार? जर्मनीत २०२४-२५ च्या मोसमापासून लहान मुलांसाठी दोनास दोन, तीनास तीन असे खेळ सक्तीचे झाले, त्याआधीच बोरुसिया डॉर्टमुंडचे तेव्हाचे प्रमुख हान्स-योआखिम वाट्झके यांनी जवळपास हेच म्हणून त्याची खिल्ली उडवली होती. पण तिथली रचना बघा. एका दुपारी अनेक छोटी मैदानं शेजारी शेजारी. काही मिनिटांचा एक खेळ. जिंकलेला संघ एक मैदान वर सरकतो, हरलेला एक मैदान खाली. लगेच पुढचा खेळ. एका दुपारी मूल तीनदा हरतं आणि तीनदा जिंकतं, कारण सरकत सरकत ते आपल्या तोलाच्या संघासमोर येतं. मोठ्या मैदानावर ०-१४ असं हरणाऱ्या मुलाने हरणं एकदाच अनुभवलेलं असतं आणि त्यातून उठणं मुळीच नाही. हरायला शिकवायचं असेल तर हा दुसरा रस्ता मला जास्त कडक वाटतो.

इंग्लंडही थांबलेलं नाही. २०२६-२७ च्या मोसमापासून सात वर्षांखालच्या मुलांसाठी तीनास तीन, आणि त्यावरची प्रत्येक पायरी एकेक वर्ष पुढे, असं एफएने ठरवलं. अकराचा खेळ चौदा वर्षांखालच्या गटापर्यंत लांबला.

हे सगळं पाहताना मला सारखं जाणवत होतं, की यातलं निम्मं आम्हाला ठाऊक होतं. भातकापणी झाली की आम्ही मळ्यात खेळायचो. सहा पोरं आली तर चार चपला जवळ जवळ ठेवून दोन गोल. सोळा आली तर चपला लांब. एक बाजू फारच हरायला लागली की मधेच एक मोठा पोरगा तिकडे द्यायचा आणि पुन्हा शून्यापासून. मगरिबची अजान झाली की खेळ संपला, आणि दुसऱ्या दिवशी काल कोण जिंकलं हे कुणी धरून बसत नसे. मैदान माणसांच्या मापाचं करायचं, हे मुलांना आपोआप कळतं. विसरतात ते शाळेचे मास्तर आणि आयोजक. आपल्याकडच्या शालेय स्पर्धांत बारा वर्षांखालची मुलं आजही पूर्ण मैदानावर अकरा-अकरा उतरलेली मी पाहिली आहेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१८ मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी 'गोल्डन बेबी लीग' आखल्या, त्या याच विचाराच्या आहेत, लहान मैदान आणि लहान संघ. पण जिथे त्या पोहोचलेल्या नाहीत, तिथे चषक देणारा पाहुणा येतो आणि पाहुण्यासमोर मैदान मोठंच दिसायला हवं.

तुमचं मूल कुठे खेळत असेल तर खेळ त्याच्या मापाचा आहे की नाही, हे मेहुण्यांनी मला तीन खुणांनी ओळखायला शिकवलं. गोलकीपरला उडी मारून आडव्या दांड्याला हात लावता येतो का, ते पाहा. लागत नसेल तर गोल मोठ्यांचा आहे. मग संघातलं सगळ्यात लहान मूल निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा. चेंडू त्याच्या पायाला किती वेळा लागला ते बोटांवर मोजा. एका हाताची बोटंही पुरी झाली नाहीत, तर मैदान तरी मोठं आहे किंवा मुलं तरी जास्त. आणि शेवटी, मैदानाकडे पाठ करून नुसतं ऐका. कडेवरची मोठी माणसं "लांब मार" म्हणत असतील, तर कुणाच्या तरी खिशात तक्ता आहे असं समजा.